उधारीची वही ते शीट : कार्यशाळेच्या सुरुवातीचं पाच मिनिटांचं भाषण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरातल्या लहान दुकानदारांसाठी स्प्रेडशीटची कार्यशाळा ठेवणाऱ्या व्यापारी मंडळांकडून, बचत गटांकडून आणि कॉलेजच्या मुलांकडून सुरुवातीच्या भाषणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. भाषणाचा नमुनाही खाली दिला आहे. तो वाचून दाखवा किंवा आपल्या बोलीत फिरवून घ्या.

भाषण किती वेळाचं असावं?

पाच मिनिटं. त्यातली तीन मिनिटं बोलायचं आणि दोन मिनिटं पडद्यावर दाखवायचं. समोर बसलेला माणूस शटर अर्धं ओढून आलेला असतो किंवा गल्ल्यावर पोराला बसवून आलेला असतो, त्याचं अर्धं लक्ष फोनकडे असतं. पाहुण्यांचा सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन करायचंच असेल तर ते शेवटी ठेवा. सुरुवातीला ठेवलं की पहिली वीस मिनिटं त्यातच जातात आणि मूळ कामाला वेळ उरत नाही.

कार्यशाळा कधी ठेवावी? भाषणाशी त्याचा संबंध काय?

संबंध आहे, कारण चुकीच्या वेळी बोललेलं कोणी ऐकत नाही. महिन्याच्या १ ते १० तारखेत पगार झालेले असतात, किराणा भरला जातो आणि जुनी उधारी येते, त्यामुळे तेव्हा दुकानदार हलत नाही. पोळा, मारबत, दसरा आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस सोडा. १५ ते २५ तारखेच्या मध्ये, दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. मे महिन्यात हीच वेळ उन्हाची असते, तेव्हा कूलर नसलेला हॉल घेऊ नका. इतवारी किंवा गांधीबागच्या ठोक व्यापाऱ्यांना आणि वस्तीतल्या चिल्लर दुकानदारांना एकाच बैठकीत बसवू नका. ठोकवाल्याचा हिशेब बिलांवर चालतो आणि चिल्लरवाल्याचा उधारीवर, त्यामुळे एकच उदाहरण दोघांना लागू पडत नाही. हे पान चिल्लर दुकानदारांसाठी आहे.

भाषणात नेमकं काय विकायचं? स्टॉक, नफा, जीएसटी, सगळंच सांगावं का?

फक्त उधारी.

याला कारण आहे. किराणा दुकानात शेकडो जिनसा असतात. त्यातल्या कितीतरी सुट्या असतात, पावशेर डाळ, दहा रुपयांचं तेल. स्टॉक शीटवर ठेवायचा म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद करायची, आणि ती वहीतही आजवर कोणी केलेली नसते. म्हणजे हे काम नव्यानं गळ्यात पडतं, आणि गर्दीच्या वेळी तेच आधी सुटतं. उधारी मात्र तो रोज लिहितोच आहे. तारीख, नाव, रक्कम या तीन गोष्टी त्याच्या वहीत आधीच आहेत. शीटवर आलं की त्याच्या लिहिण्यात काही वाढत नाही, फक्त बेरीज आणि मागच्या पानावरून पुढच्या पानावर बाकी ओढणं वाचतं. वहीतल्या बहुतेक चुका होतात त्याही याच दोन ठिकाणी.

स्टॉकचा प्रश्न कोणी विचारलाच तर "तो पुढच्या वेळी" असं म्हणा आणि खरंच पुढच्या वेळी ठेवा.

वहीबद्दल काय बोलावं?

चांगलं बोला. "वही जुनी झाली, जमाना बदलला" हे वाक्य या हॉलमध्ये चालत नाही. समोरच्यांपैकी बरेच जण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतात. वडिलांच्या हातच्या वह्या जपून ठेवलेली घरंही इथे आहेत. शिवाय व्यवहाराच्या बाजूनं पाहिलं तर वहीचे गुण खरे आहेत: तिला चार्जिंग लागत नाही, आणि गिऱ्हाईक समोर असताना खाडाखोड केली तर दिसते. शीटमध्ये आकडा बदलला तर गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून भांडणाच्या वेळी गिऱ्हाईक वहीवरच विश्वास ठेवतं. भाषणात हे आपणहून मान्य केलं की पुढचं ऐकून घेतात.

भाषणाचा नमुना मिळेल का?

हा घ्या. कंसातल्या सूचना बोलणाऱ्यासाठी आहेत.

"नमस्कार. दुकान सोडून आलात, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमची वही बरोबर आहे. दिवाळीला जिची पूजा करता, तिची पुढच्या दिवाळीलाही करा. आज आपण वहीचं एकच काम दुसरीकडे देणार आहोत. ते काम म्हणजे बेरीज.

समजा, कोपऱ्यावरचा चहा टपरीवाला आला आणि म्हणाला, 'काकाजी, माझे किती झाले?' तुम्ही वही काढता. त्याचं पान शोधता. मागची बाकी आधीच्या पानावर आहे, ते पलटवता. मग कॅल्क्युलेटर घेता. तोवर समोर तीन गिऱ्हाइकं उभी राहतात. मग तुम्ही म्हणता, 'संध्याकाळी सांगतो, भाऊ.' तो खिशात पैसे घेऊन आला होता. संध्याकाळी त्याच्या खिशात ते असतीलच असं नाही.

आता पडद्याकडे बघा. (शीट दाखवा.) हे त्याचंच खातं आहे. ३ तारखेला ३४० रुपयांचा माल नेला, ७ तारखेला २१५ चा, १० तारखेला ३०० रुपये जमा केले. उजवीकडे त्याच्या नावापुढे बाकी दिसते, २५५. मी आता १४ तारखेची १८० ची उधारी लिहितो. (लिहा. थांबा. काही बोलू नका.) बाकी किती झाली? ४३५. बेरीज मी केली नाही, पान पलटवलं नाही.

एवढंच शिकायचं आहे. चार वाजेपर्यंत तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये तुमच्याच पाच गिऱ्हाइकांची बाकी तयार असेल. स्टॉक नाही, जीएसटी नाही, नफ्यातोट्याचं गणित नाही.

आणि एक अट आहे. पुढचा एक महिना वही बंद करायची नाही. दोन्हीकडे लिहायचं आणि दर रविवारी दोन्हीकडची बाकी ताडून पाहायची. महिनाभर जुळली तर पुढचं तुम्ही ठरवा. जुळली नाही तर चूक कुठे असते आणि ती कशी सापडते, तेही आज दाखवणार आहोत. फोन काढा."

भाषण इथे संपतं. "धन्यवाद"सुद्धा नको, कारण ते ऐकलं की लोक टाळ्या वाजवून चहाकडे वळतात. "फोन काढा" म्हटलं की हात खिशाकडे जातात.

बोलणारी व्यक्ती कोण असावी?

शक्यतो बाजारातलीच. कॉलेजच्या मुलानं बोलायचं असेल तर "तुम्ही" आणि "काकाजी", "ताई" हे संबोधन सोडू नये आणि "सोपं आहे" हा शब्द टाळावा. ज्याला ते जमत नाही त्याला "सोपं आहे" म्हटलं की तो हात वर करून विचारत नाही. हॉलमध्ये हिंदी बोलणारे दुकानदारही असणारच. भाषण मराठीत ठेवा, पडद्यावर दाखवताना आकडे हिंदीतही म्हणा, तेवढं पुरतं.

पडद्यावरची शीट कशी बनवायची?

गूगल शीट्समध्ये, कारण ते फोनवर फुकट चालतं. पहिल्या ओळीत मथळे लिहा आणि खाली तीन नोंदी आधीच भरून ठेवा. चौथी नोंद भाषणात भरायची.

| A तारीख | B नाव | C तपशील | D उधार | E जमा |
|---|---|---|---|---|
| 3/6 | चहा टपरी | साखर, पत्ती | 340 | |
| 7/6 | चहा टपरी | दूध पावडर | 215 | |
| 10/6 | चहा टपरी | रोख | | 300 |
| 14/6 | चहा टपरी | साखर | 180 | |

`G1` मध्ये "खातेदार" आणि `H1` मध्ये "बाकी" असं लिहा. `G2` मध्ये "चहा टपरी" लिहा आणि `H2` मध्ये हे सूत्र टाका:

```
=SUMIF(B:B,G2,D:D)-SUMIF(B:B,G2,E:E)
```

अर्थ असा की B रकान्यात जिथे जिथे हे नाव आहे तिथल्या उधारीची बेरीज करा आणि त्यातून त्याच नावाची जमा वजा करा. दुसरं खातं आलं की `G3` मध्ये नाव लिहायचं आणि `H2` मधलं सूत्र खाली ओढायचं. बाकी उणे दिसली तर गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्याकडे आगाऊ जमा आहेत.

प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं पान देऊ नका, सगळ्यांच्या नोंदी एकाखाली एक येऊ द्या. वहीच्या सवयीनं लोक पहिल्यांदा वेगवेगळी पानंच मागतात. पण साठ खात्यांची साठ पानं फोनवर सरकवत बसणं हे वही चाळण्यापेक्षाही वाईट.

अक्षरांचा आकार मूळचा १० असतो. हॉलमधल्या शेवटच्या रांगेसाठी तो २४ करा आणि पडद्यावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त दाखवू नका. प्रोजेक्टरवर खिडकीचं ऊन येत असेल तर एचडीएमआय केबलनं मोठा टीव्ही जोडलेला बरा.

दाखवताना १८० लिहिले तरी बाकी २५५ च राहिली. काय झालं?

हे सगळ्यात जास्त वेळा होतं, आणि भर भाषणात झालं तर सगळा परिणाम जातो. याची कारणं दोन असू शकतात. दोन्हीत बाकी सारखीच चुकते, पण ओळखायची रीत वेगळी आहे.

पहिलं कारण म्हणजे मराठी कीबोर्ड. नाव मराठीत लिहून झालं, कीबोर्ड बदलायचा राहिला आणि रक्कम "१८०" अशी देवनागरी अंकांत पडली. शीट त्याला आकडा न मानता मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. खूण सोपी आहे: आकडा असेल तर तो चौकटीच्या उजव्या कडेला जातो, मजकूर असेल तर डाव्या कडेला चिकटतो. "180 रु" किंवा "180/-" लिहिलं तरी हेच होतं. आपल्याकडे रकमेपुढे तिरकी रेघ ओढायची सवय पक्की असते, त्यामुळे हे खास सांगावं लागतं.

दुसरं कारण नावातला फरक. आधी "चहा टपरी" लिहिलं होतं आणि आता "चहाटपरी" किंवा "चहा टपरीवाला" लिहिलं. माणसाला ते एकच वाटतं, सूत्राला वेगळं. नावाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा त्याला वेगळं नाव वाटते. इथे रक्कम उजवीकडेच असते, म्हणून डोळ्यांना काही खटकत नाही.

या चुका आपोआप पकडता येतात का?

येतात. दोन तपासण्या ठेवा, पण दोन्ही ठेवा. एकीला जे सापडतं ते दुसरीला सापडत नाही. `J1` मध्ये हे टाका:

```
=SUM(D:D)-SUM(E:E)-SUM(H:H)
```

सगळी उधारी वजा सगळी जमा, आणि त्यातून सगळ्या खात्यांची बाकी वजा. उत्तर 0 यायला हवं. वरच्या उदाहरणात नाव "चहाटपरी" असं पडलं असेल तर इथे 180 दिसेल, म्हणजे हरवलेली रक्कमच समोर येते. ती रक्कम D रकान्यात शोधा आणि तिच्या शेजारचं नाव दुरुस्त करा.

रक्कम देवनागरी अंकांत असेल तर मात्र ही तपासणी 0 च दाखवते. ती रक्कम एकूण बेरजेतही आली नाही आणि खात्यातही आली नाही, मग फरक दिसणार कुठून? त्यासाठी `J2` मध्ये दुसरं सूत्र टाका:

```
=COUNTA(D:E)-COUNT(D:E)-2
```

D आणि E मध्ये जेवढं काही लिहिलंय त्यातून खरे आकडे वजा होतात. शेवटचे 2 म्हणजे "उधार" आणि "जमा" हे मथळे. उत्तर 1 आलं तर एक रक्कम मजकूर म्हणून पडली आहे. D आणि E मध्ये डाव्या कडेला चिकटलेली चौकट शोधा.

भाषणात ही सूत्रं दाखवू नका. नंतरच्या सरावात मुद्दाम चूक करून दाखवलीत तर कायमची लक्षात राहतात.

नावांचा घोळ मुळातच होऊ नये म्हणून?

B रकान्यात नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. कॉम्प्युटरवर B मधल्या चौकटी मथळा सोडून निवडा, मग `Data` > `Data validation` > `Add rule` मध्ये `Dropdown (from a range)` निवडा आणि `$G$2:$G$200` द्या. `Advanced options` मध्ये `Reject the input` ठेवा, म्हणजे यादीबाहेरचं नाव शीट स्वीकारणारच नाही. हे एकदा करून ठेवलेली कोरी शीट सगळ्यांना द्या, कार्यशाळेत प्रत्येकाच्या फोनवर करत बसलात तर दोन तास त्यातच जातील.

नावं कशी ठेवावी हा दुकानदाराचा प्रश्न आहे, पण नुसतं आडनाव नको. एका गल्लीत एकाच आडनावाची चार घरं असतात. वहीत "पिवळ्या घरच्या काकू" असं लिहायची जी पद्धत आहे ती शीटलाही चांगली चालते.

तारखांचं काय?

शीट अमेरिकेच्या पद्धतीवर असेल तर "3/6" म्हणजे ६ मार्च होतो आणि "14/6/2025" तारीखच धरली जात नाही. बाकी चुकत नाही, पण महिन्याचा हिशेब काढायला गेलात की गडबड दिसते. कॉम्प्युटरवर `File` > `Settings` मध्ये `Locale` हे `India` करा. कोरी शीट वाटण्याआधीच हे करा.

जुनी सगळी वही शीटमध्ये चढवावी लागेल का? हा प्रश्न भाषणातच विचारतात.

नाही, आणि तसं लगेच सांगा. ज्या दिवशी सुरू कराल त्या दिवशी प्रत्येक खात्याची एकच ओळ टाका: तारीख, नाव, तपशिलात "मागील बाकी", आणि रक्कम D मध्ये. पन्नास-साठ खाती असतील तर एका दुपारचं काम आहे. ज्याची मागची बाकी वादातली आहे त्याची ओळ आधी गिऱ्हाइकाशी बोलून मगच टाका. वादातला आकडा शीटवर छान दिसतो म्हणून खरा होत नाही. जुन्या वह्या मात्र टाकू नका.

"हे इन्कम टॅक्सवाल्यांना दिसेल का?"

कोणीतरी विचारतंच, नाहीतर चहाच्या वेळी हळूच विचारतं. उत्तर सरळ द्या: शीट तुमच्या गूगल खात्यात असते, तुम्ही ज्याला शेअर कराल त्याला दिसते, ती आपोआप कुठल्या सरकारी खात्याकडे जात नाही. कर भरण्याचे नियम वहीला जे लागू आहेत तेच शीटला लागू आहेत. त्यापुढचं सीएला विचारा असं सांगा आणि विषय बदला. उद्घाटनात कराची चर्चा सुरू झाली की उरलेला वेळ त्यातच जातो.

खरी काळजी दुसरीकडे आहे. शेअर करताना `Anyone with the link` ठेवलं तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळ्या वस्तीची उधारी दिसते. ते `Restricted` ठेवा आणि घरातल्या एखाद्याच माणसाचा ईमेल जोडा.

लाईट गेली, नेट गेलं तर?

फोनच्या ॲपमध्ये त्या शीटसमोरचे तीन ठिपके दाबून `Make available offline` आधीच चालू करून ठेवा. नेट नसताना लिहिलेलं नंतर आपोआप चढतं. हॉलमध्ये दाखवण्याची शीटसुद्धा अशीच ऑफलाइन करून न्या, तिथल्या वायफायच्या भरवशावर राहू नका.

चुकून सगळं पुसलं गेलं तर?

कॉम्प्युटरवर `File` > `Version history` मध्ये जुनी शीट सापडते. कार्यशाळेत एक ओळ पुसून परत आणून दाखवा, भीती त्यानंच जाते.

एक्सेलमध्ये केलं तर चालेल का?

चालेल. सूत्रं हीच आहेत. फक्त फाईल फोनमध्येच ठेवली आणि फोन हरवला तर हिशेब गेला.

भाषण संपल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

व्हॉट्सॲपवर कोरी शीटची लिंक `Viewer` म्हणून पाठवा. या एका शीटला `Anyone with the link` चालतं, कारण तिच्यात कोणाचीच उधारी नसते. `Editor` म्हणून पाठवली तर चाळीस जण एकाच शीटमध्ये लिहायला लागतात, एकाचं खातं दुसऱ्याच्या पडद्यावर दिसतं आणि गोंधळ होतो. ॲपमध्ये तीन ठिपके > `Share & export` > `Make a copy` करून प्रत्येकानं स्वतःची प्रत काढायची आणि तिला दुकानाचं नाव द्यायचं. ज्यांच्या फोनवर शीट्स ॲप नाही त्यांनी ते आधी टाकून घ्यायचं, हे आमंत्रणातच कळवलेलं असलं तर बरं. मग प्रत्येकानं सोबत आणलेल्या वहीतली पाच खाती, पाच "मागील बाकी" भरायच्या आणि `J1` व `J2` दोन्हीत 0 आलं की हात वर करायचा. वही सोबत आणा, हेही आमंत्रणात ठळक लिहा. रिकाम्या हातानं आलेला माणूस खोटी नावं भरतो, आणि ती शीट घरी गेल्यावर पुन्हा उघडत नाही.